लाल समुद्राची वाट बंद झाली तर माल कसा न्यायचा? न्हावा शेवाहून युरोपला निर्यात करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२३ च्या नोव्हेंबरात येमेनच्या हुथी बंडखोरांनी ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज ताब्यात घेतले आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत जवळजवळ सगळ्या मोठ्या कंटेनर लाइन्सनी, म्हणजे जहाज कंपन्यांनी, लाल समुद्राकडे पाठ फिरवली. नेमका तेव्हाच नाशिकच्या द्राक्षांचा हंगाम तोंडावर आला होता. त्यानंतर आमच्या टेबलावर जे प्रश्न सारखे येत राहिले, ते इथे एकत्र केले आहेत. सगळी उदाहरणे न्हावा शेवा ते रॉटरडॅम या मार्गाची आहेत. हिशेबासाठी जिथे भाडे धरून चाललो आहोत तिथे तसे लिहिले आहे. तुमचा आकडा तुमच्या फॉरवर्डरकडून, म्हणजे जहाजावर जागा मिळवून देणाऱ्या एजंटकडून, त्या आठवड्याचा घ्या.

सुएझ कालवा तर उघडा होता, मग जहाजे वळली कशाला?

मुंबईहून युरोपला जाणाऱ्या जहाजाला या वाटेवर दोन दरवाजे लागतात. पहिला बाब-अल-मंदेब, येमेन आणि जिबूतीच्या मधली जेमतेम तीस किलोमीटर रुंदीची सामुद्रधुनी. दुसरा सुएझ, १९३ किलोमीटरचा कालवा. दोन्हींपैकी एक बंद झाला तरी वाट बंद.

पण दोन्हींच्या बंद होण्यात फरक आहे. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे कंटेनर जहाज सुएझमध्ये आडवे अडकले तेव्हा कालवा खरोखरच बुजला होता; तिथे टगबोटी, ड्रेजर आणि भरती-ओहोटीचा प्रश्न होता आणि सहा दिवसांत तो सुटला. २०२३ अखेरीस कोणी काही बुजवले नव्हते. जहाज जाऊ शकत होते, काही जातही होती. पण विमा कंपन्या, जहाजमालक आणि खलाशी यांनी मिळून ठरवले की ही जोखीम घ्यायची नाही. अशा बंदला शेवटची तारीख नसते. १९६७ च्या युद्धात सुएझ बंद झाला तो थेट १९७५ मध्ये उघडला, हेही लक्षात असू द्या.

वळसा नेमका किती पडतो?

न्हावा शेवा ते रॉटरडॅम सुएझमार्गे साधारण ६,३०० ते ६,४०० सागरी मैल. आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपमार्गे, साधारण १०,७०० ते १०,८००. म्हणजे सुमारे ४,४०० मैल जास्त. जहाज सोळा नॉट्सने, म्हणजे तासाला सोळा सागरी मैलांनी, चालले तर दिवसाला ३८४ मैल तोडते, म्हणजे वाढीव प्रवास साडेअकरा दिवसांचा. चौदा नॉट्सने तेरा दिवस, अठराने दहा.

बातम्यांत बहुतेक वेळा ‘चाळीस टक्के जास्त अंतर’ असे छापून येते. तो हिशेब सिंगापूर किंवा शांघायचा. सिंगापूरहून रॉटरडॅम सुएझमार्गे साडेआठ हजार मैलांच्या आतबाहेर आणि केपमार्गे पावणेबारा हजार. आपण कालव्याच्या जास्त जवळ आहोत, म्हणून कालवा गेला की आपले नुकसानही प्रमाणात जास्त: जवळजवळ सत्तर टक्के.

भूमध्य समुद्रातल्या ग्राहकांचे हाल त्याहून वाईट. ग्रीसमधले पिरियस बंदर सुएझमार्गे आपल्याला साधारण ३,६०० ते ३,७०० मैल. केपमार्गे जायचे तर आधी जिब्राल्टर गाठून मग भूमध्यात उलटे आत यायचे. अंतर तिपटीच्या घरात. त्यामुळे लाइन्स बहुतेक वेळा माल जिब्राल्टरजवळच्या टँजियर किंवा आल्हेसिरासला उतरवून तिथून लहान जहाजाने आत पाठवतात. तिथे थांबण्याचे दिवस वेगळे, आणि ते वेळापत्रकात लिहिलेल्या दिवसांपेक्षा जवळपास नेहमीच जास्त निघतात.

इंधन जास्त जळते म्हणून भाडे वाढते, असे लाइनवाले सांगतात. खरे आहे का?

अर्धे. हिशेब मांडून बघू.

आठ-नऊ हजार टीईयूचे, म्हणजे तेवढे वीस फुटी कंटेनर मावणारे, जहाज धरा. दिवसाला नव्वद टन इंधन, साडेअकरा दिवस, म्हणजे सुमारे १,०३५ टन. टनाला ६०० डॉलर धरले तर वाढीव इंधन ६ लाख २० हजार डॉलरचे. जहाजात चाळीस फुटी साडेतीन हजार भरलेले कंटेनर असतील तर एका कंटेनरमागे हे १७७ डॉलर होतात. दुसरीकडे सुएझचा टोल वाचला, तो एवढ्या जहाजाला एका खेपेचा काही लाख डॉलर असतो. शिवाय युद्धजोखमीच्या विम्याचा हप्ता वाचला. २०२४ च्या सुरुवातीला तो जहाजाच्या किमतीच्या ०.७ ते १ टक्क्यापर्यंत गेला होता, तोही एका फेरीसाठी. आठ कोटी डॉलरच्या जहाजाला ०.७ टक्के म्हणजे ५ लाख ६० हजार डॉलर. एकूण काय, केपचा वळसा लाइनला खर्चाच्या बाजूने फारसा महाग पडत नाही, कधीकधी स्वस्तही पडतो.

मग शांघाय ते रॉटरडॅम चाळीस फुटीचे भाडे नोव्हेंबर २०२३ मधल्या हजार-बाराशे डॉलरवरून जानेवारी अखेरीस पाच हजारांच्या आसपास आणि जुलै २०२४ मध्ये आठ हजारांच्या वर का गेले? जहाजे कमी पडली म्हणून. दर आठवड्याला एक जहाज न्हावा शेवाहून सुटायचे असेल आणि जाऊन-येऊन फेरी ५६ दिवसांची असेल, तर आठ जहाजे लागतात. फेरीत तेवीस दिवस वाढले की ती ७९ दिवसांची होते आणि तीच आठवडी सेवा चालवायला बारा जहाजे लागतात. जादा चार जहाजे लगेच कुठून आणणार? मग लाइन सेलिंग, म्हणजे ठरलेली खेप, गाळते. आठच जहाजे राहिली तर आठवड्याऐवजी दहा दिवसांनी एक जहाज सुटते, म्हणजे तुमच्यासमोरची जागा तीस टक्क्यांनी घटली. माल तेवढाच, जागा कमी, आणि जो जास्त देईल त्याचा कंटेनर चढतो.

हे समजून घेण्याचा उपयोग असा की लाइनशी इंधनाच्या दरावर वाद घालण्यात अर्थ नाही. तुम्ही दिवस आणि जागा विकत घेत आहात. कुठल्या सेवेत किती जहाजे आहेत आणि पुढच्या सहा आठवड्यांत किती सेलिंग गाळली आहेत, हे विचारा. फॉरवर्डरला ते माहीत नसेल तर फॉरवर्डर बदला.

‘एव्हर गिव्हन’सारखे थोडे दिवसच बंद असेल तर थांबावे की वळवावे?

हा निर्णय लाइन घेते, तुम्ही नाही. पण तुमच्या ग्राहकाला काय सांगायचे ते यावर ठरते. साधा हिशेब: कालवा उघडायला लागणारे दिवस, अधिक उघडल्यावर रांग सरायला लागणारे दिवस, हे वळशाच्या वाढीव दिवसांपेक्षा कमी असतील तर थांबणे बरे. २०२१ मध्ये २३ मार्चला जहाज अडकले, २९ ला सुटले, आणि तोवर जमलेली चारशेहून जास्त जहाजांची रांग ३ एप्रिलला सरली. म्हणजे सगळ्यात वाईट नशिबाच्या जहाजालाही अकरा-बारा दिवस लागले. ज्यांनी केपकडे वळवले त्यांनी काही कमावले नाही.

अडचण एवढीच की जहाज अजून अरबी समुद्रात असेल तेव्हा वळणे स्वस्त असते. एकदा लाल समुद्रात शिरून सुएझच्या तोंडाशी नांगर टाकला की परत फिरायला आलेली वाट पुन्हा तुडवावी लागते. म्हणून खरा निर्णय पहिल्या दोन दिवसांत होतो, आणि त्या दोन दिवसांत बंद किती लांबेल हे कोणालाच ठाऊक नसते.

रेल्वेने पाठवता येईल का? चीन पाठवतो असे ऐकतो.

चीन पाठवतो, आपण नाही. भारतातून युरोपपर्यंत सलग रेल्वे नाही.

चीनची गाडी कझाकस्तान, रशिया, बेलारूसमार्गे पोलंडच्या मावाशेविचेला पोहोचते. चीनचे रूळ १,४३५ मिलिमीटरचे, रशिया-कझाकस्तानचे १,५२०, त्यामुळे दोन ठिकाणी कंटेनर उचलून दुसऱ्या वाघिणींवर ठेवावे लागतात. सगळे सुरळीत चालले तर पंधरा ते वीस दिवसांत माल पोहोचतो. पण एका गाडीत चाळीस फुटी चाळीस-पन्नास कंटेनर बसतात. वरच्या हिशेबातल्या एका मध्यम जहाजाचा माल न्यायला सत्तर गाड्या लागतील. रेल्वे हा जहाजाचा पर्याय नाही, थोड्या महाग मालाची सोय आहे. रशियातून जायला अनेक युरोपीय ग्राहक आणि त्यांच्या विमा कंपन्या आता तयार नसतात, ते वेगळेच.

आपल्याकडे ज्याचे नाव निघते तो आंतरराष्ट्रीय उत्तर-दक्षिण वाहतूक मार्ग: न्हावा शेवा किंवा मुंद्राहून जहाजाने इराणचे बंदर अब्बास, तिथून रस्ता-रेल्वेने कॅस्पियनपर्यंत, पुढे रशिया. मॉस्कोला चहा किंवा औषधे पाठवायची असतील तर तो विचारात घेण्यासारखा आहे. रॉटरडॅमसाठी नाही. इराणमधला रश्त ते अस्तारा हा रेल्वेचा तुकडा वर्षानुवर्षे अपुरा, त्यामुळे मध्ये ट्रकवर चढ-उतार, आणि इराणवरच्या निर्बंधांमुळे बँक व विमा दोन्हींचा पेच. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० परिषदेत जाहीर झालेला भारत-मध्यपूर्व-युरोप मार्ग नकाशावर सुंदर दिसतो. त्याच्यावर बुकिंग मात्र घेता येत नाही.

मग विमानाने किती पडेल?

इथे प्रत्येक मालाचे गणित वेगळे, म्हणून तीन माल घेऊ. डॉलर ८३ रुपये आणि मुंबई ते युरोप विमानभाडे अडचणीच्या काळात किलोला २५० ते २८० रुपये असे धरले आहे.

द्राक्षे. चाळीस फुटी रिफरमध्ये, म्हणजे थंड कंटेनरमध्ये, साधारण तेरा टन. रिफरचे भाडे एरवी २,५०० डॉलर धरले तर किलोला १६ रुपये. ते ६,००० डॉलर झाले तर ३८ रुपये. फरक किलोमागे २२ रुपये. हा चटका मोठा आहे, पण विमानाने २५० रुपये. देशाची २०२३-२४ ची द्राक्ष निर्यात साधारण ३.४४ लाख टन, किंमत सुमारे ३,४६० कोटी, म्हणजे किलोला सरासरी शंभर रुपये. शंभराच्या मालाला अडीचशेचे तिकीट कोण काढणार? द्राक्षांना केप सोडून दुसरी वाट नाही.

कपडे. चाळीस फुटी हायक्यूबमध्ये, म्हणजे जास्त उंच कंटेनरमध्ये, ५५ घनमीटर, वजन नऊ टन, किंमत एक कोटी धरू. विमानात एक घनमीटर म्हणजे १६७ किलो मोजतात. ५५ घनमीटरचे ९,१८५ किलो होतात आणि ते खऱ्या वजनापेक्षा जास्त, म्हणून भाडे त्यावर. २८० च्या दराने २५ लाख ७० हजार. जहाजाने ५,००० डॉलर, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत. पूर्ण माल उडवणे म्हणजे नफा गेलाच, वर पदरचे. पण ग्राहकाच्या दुकानात हंगामाच्या पहिल्या दिवशी सगळा माल लागतच नाही. मांडणीपुरता पंधरा टक्के माल, १,३७८ किलो, विमानाने पाठवला तर ३ लाख ८६ हजार, आणि उरलेला कंटेनर केपमार्गे. दोन्ही मिळून आठ लाख. हा तोडगा आम्ही सर्वांत जास्त वापरला, आणि बहुतेक ग्राहक विमानखर्चात वाटा उचलायला तयार होतात, जर माल जहाजावर चढण्याआधी विचारले तर. नंतर विचारले तर नाही.

औषधे. एक टन गोळ्या, किंमत पन्नास लाख. विमानाने २ लाख ८० हजार, म्हणजे साडेपाच टक्के. इथे फार विचार करायची गरज नाही.

आणखी एक गोष्ट. ‘माल बारा दिवस जास्त अडकला तर व्याज किती जाईल’ याची भीती अवाजवी असते. एक कोटीच्या मालावर बारा टक्क्यांनी बारा दिवसांचे व्याज ३९ हजार ४५० रुपये. भाड्याच्या वाढीपुढे ते किरकोळ. नुकसान व्याजात होत नाही, हंगाम चुकण्यात होते.

दुबईमार्गे समुद्र आणि विमान मिळून जो मार्ग सांगतात, तो काय आहे?

न्हावा शेवाहून जेबेल अलीला जहाजाने. पाण्यावरचा प्रवास तीन-चार दिवसांचा. तिथे कंटेनर रिकामा करून माल बॉन्डेड रस्त्याने, म्हणजे तिथले आयात शुल्क न भरता, जवळच्या अल मक्तूम विमानतळावर आणि पुढे विमानाने युरोप. दारापासून दारापर्यंत दहा ते चौदा दिवस धरा. भाडे थेट विमानाच्या निम्म्याच्या आसपास, कधी थोडे जास्त. मुंबई विमानतळावर जागा मिळत नसेल किंवा भाडे फार चढले असेल तर हा मार्ग कामी येतो. माल मध्ये हाताळला जातो, त्यामुळे खोकी मजबूत हवीत. थंड साखळीतल्या मालासाठी मी हा मार्ग सुचवत नाही.

एक मर्यादा मात्र लोक विसरतात. जेबेल अली हे आखाताच्या तोंडावरच्या होर्मुझ सामुद्रधुनीच्या आत आहे. गडबड होर्मुझला झाली तर हीच सोय पहिली जाते. तेव्हा खोर फक्कान, सोहार, सलालासारखी बाहेरची बंदरे बघावी लागतात.

जेद्दाहला तांदूळ आणि मसाले जातात. त्यांचे काय?

सौदीचे जेद्दाह लाल समुद्राच्या आत आहे. बाब-अल-मंदेब टाळायचा असेल तर जहाज अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून, जिब्राल्टर आणि सुएझमधून उत्तरेकडून खाली येणार. घराचा पुढचा दरवाजा बंद म्हणून गावाला प्रदक्षिणा घालून परसातून शिरण्यासारखे. म्हणून या मालासाठी सौदीच्या आखाताकडच्या दम्माम किंवा जेबेल अलीला उतरवून सौदीच्या रस्त्याने जेद्दाहला ट्रकने नेणे हा पर्याय जास्त चालतो. दम्माम ते जेद्दाह तेराशे किलोमीटरच्या वर आहे. भाडे जास्त, पण दिवस कमी. कोरड्या मालाला हरकत नाही.

द्राक्षे पस्तीस-चाळीस दिवस टिकतात का?

टिकू शकतात, पण बागेतच त्याची तयारी करावी लागते. एरवी न्हावा शेवा ते रॉटरडॅम वीस-पंचवीस दिवस. केपमार्गे पस्तीस ते चाळीस. तोडणीपासून दुकानाच्या फळीपर्यंत मोजले तर पन्नास दिवसांच्या जवळ जाते, आणि त्यात माफी नसते.

पहिले जाते ते देठ. मणी टणक दिसतात, पण पेटी उघडून घड उचलला की देठ तपकिरी आणि सुकलेला, आणि हलक्या झटक्याला चार-पाच मणी तळाशी पडतात. युरोपातला तपासनीस नेमके हेच बघतो. याचे मूळ बहुतेक वेळा जहाजात नसून तोडणीनंतरच्या पहिल्या काही तासांत असते. उन्हात क्रेट जितका वेळ राहिला, तितके पाणी देठातून गेले. ते जहाजात परत येत नाही. म्हणून लांबच्या प्रवासासाठीचा माल पहाटे तोडून त्याच दिवशी लवकरात लवकर प्रीकूलिंगला लावा, मण्यांचे तापमान शून्य-दोन अंशांपर्यंत उतरल्याशिवाय कंटेनर भरू नका. रिफर थंडावा टिकवतो, गरम माल थंड करण्याचे काम त्याचे नाही.

दुसरे सल्फर पॅड, म्हणजे आपले ग्रेप गार्ड. पंचवीस दिवसांसाठी निवडलेला पॅड चाळीस दिवसांना पुरेलच असे नाही. लवकर संपला तर करडी बुरशी घुसते. उलट पॅड जास्त जोरकस असेल किंवा पेटीत दमटपणा असेल तर देठाजवळ मणी पांढरे पडतात. पॅड विकणाऱ्याला प्रवासाचे दिवस सांगून दोन टप्प्यांत वायू सोडणारा घ्या. तिसरे, डेटा लॉगर. एक दाराजवळ, एक मध्यभागी. दावा करायची वेळ आली तर तोच साक्षीदार.

पावसात सापडलेली, साखर जेमतेम भरलेली बाग केपमार्गे पाठवू नका. तो माल आखातात किंवा बांगलादेशात द्या. जाता जाता, केपमार्गे निघालेला आपला कंटेनर केप टाऊनच्या समोरून जातो, आणि त्याच दिवसांत तिथल्या धक्क्यावर दक्षिण आफ्रिकेची द्राक्षे त्याच रॉटरडॅमसाठी चढत असतात. आपल्याहून साडेचार हजार मैल पुढून त्यांचा प्रवास सुरू होतो. स्पर्धा कशाशी आहे ते एवढ्यावरून कळावे.

वाढीव भाडे कोणी भरायचे, मी की ग्राहकाने?

करारात काय लिहिले आहे त्यावर. एफओबी असेल तर जहाजाचे भाडे ग्राहकाचे, वाढही त्याची. सीआयएफ किंवा सीएफआर असेल तर भाडे तुम्ही भरता, आणि दर आधीच ठरवून बसला असाल तर वाढ तुमच्या खिशातून. २०२४ च्या जानेवारीत सीआयएफवाले जास्त भाजले ते यामुळेच. हंगामाचा करार करताना एक ओळ घाला: ‘अमुक तारखेनंतर लाइनने लावलेला कोणताही अधिभार ग्राहकाकडे.’ अधिभारांची नावे दर वेळी वेगळी असतात: आणीबाणी, हंगामी गर्दी, युद्धजोखीम, मार्ग-व्यत्यय. म्हणून नावे लिहीत बसू नका, ‘कोणताही’ लिहा.

लाइनने मध्येच मार्ग बदलला म्हणून भाडे परत मागता येत नाही. बीएलच्या, म्हणजे माल चढल्याच्या पावतीच्या, मागे बारीक अक्षरात लाइनला मार्ग बदलण्याची, प्रसंगी माल दुसऱ्याच सुरक्षित बंदरात उतरवून प्रवास संपवण्याची मोकळीक दिलेली असते. पुढचा खर्च मालधन्याचा.

एलसी, म्हणजे ग्राहकाच्या बँकेचे पैशाचे हमीपत्र, असेल तर माल चढवण्याची शेवटची तारीख बघा. सेलिंग गाळली गेली आणि कंटेनर पुढच्या जहाजावर रोल झाला तर बीएलची तारीख सरकते, आणि बँकेला कारणांशी देणे-घेणे नसते. मुदतवाढ तारीख उलटण्याआधी मागा.

विमा उशिराचे पैसे देतो का?

नाही. मालाच्या विम्यात सगळ्यात व्यापक समजला जाणारा इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस ‘ए’ घेतला तरी उशिरामुळे झालेले नुकसान त्यातून वगळलेले असते, उशिराचे कारण विम्यात बसणारे असले तरी. चाळीस दिवसांनी द्राक्षे सुकली तर ‘उशीर झाला’ म्हणून दावा टिकत नाही. रिफर बंद पडल्याचे लॉगरवर दिसले आणि तुमच्या पॉलिसीत ते कलम असेल तर गोष्ट वेगळी.

युद्धाची जोखीमही ‘ए’ मध्ये नसते, ती वेगळी घ्यावी लागते, आणि विमा कंपनी सात दिवसांच्या सूचनेवर ती काढून घेऊ शकते. लाइनने मार्ग वळवला तर एरवी तुमचे संरक्षण चालू राहते, तरी विमा कंपनीला ईमेल टाकून ठेवा.

आणि विमा अजिबात घेतलाच नसेल तर ‘एव्हर गिव्हन’ आठवा. जहाजमालकाने जनरल ॲव्हरेज जाहीर केले, म्हणजे जहाज सोडवण्याचा खर्च त्यावरच्या सगळ्या मालधन्यांत वाटला जाणार. ज्याचा विमा होता त्याची हमी कंपनीने दिली. ज्याचा नव्हता त्याला माल सोडवण्याआधी रोख अनामत ठेवावी लागते. जहाज सुटले मार्चमध्ये, पण भरपाईच्या वादात इजिप्तने ते ७ जुलैपर्यंत अडवून ठेवले होते. माल सगळा वेळ त्यावरच.

केपची वाट तरी सुरक्षित आहे ना?

हुथींपासून, हो. हवामानापासून नाही. जून ते ऑगस्ट हा दक्षिणेतला हिवाळा, तेव्हा तिथला समुद्र खवळलेला. जुलै २०२४ मध्ये ‘सीएमए सीजीएम बेंजामिन फ्रँकलिन’ या मोठ्या जहाजावरचे ४४ कंटेनर दक्षिण आफ्रिकेजवळ समुद्रात गेले. द्राक्षांचा हंगाम एप्रिलमध्ये आटोपतो म्हणून आपण त्यातून सुटतो. पावसाळ्यात माल पाठवणाऱ्यांनी कंटेनरमधले लॅशिंग, म्हणजे मालाची बांधणी, नीट करून घ्यावे आणि दोन-चार दिवस जादा धरावेत.

माझे जहाज खरेच कुठल्या वाटेने चालले आहे ते कसे कळणार?

जहाजाचे नाव आणि आयएमओ क्रमांक घेऊन ट्रॅकिंगच्या साइटवर बघा. न्हावा शेवाहून सुटल्यावर दोन-तीन दिवसांत नैर्ऋत्येला सोमालियाच्या बाहेरून खाली उतरू लागले तर केप. पश्चिमेला एडनच्या आखाताकडे सरळ गेले तर लाल समुद्र. तिथे ते एकदम दिसेनासे झाले तर घाबरू नका. काही कप्तान त्या पट्ट्यात जहाजाची जागा कळवणारे एआयएस यंत्र मुद्दाम बंद ठेवतात. लाइनच्या साइटवरची पोहोचण्याची तारीख मात्र दोन-दोन आठवडे जुनी असू शकते. उरलेले मैल दिवसाच्या ३८० ने भागा, जास्त खरे उत्तर येईल.

वाट पुन्हा उघडली की भाडे लगेच उतरेल का?

उतरेल, पण आधी एक गोंधळाचा महिना येईल. केपमार्गे आधी निघालेली जहाजे आणि सुएझमार्गे नंतर निघालेली जहाजे रॉटरडॅमला एकाच आठवड्यात पोहोचतात. धक्क्यावर गर्दी, ट्रक मिळत नाहीत, आणि तुमचा ग्राहक दोन कंटेनर एका वेळी ठेवायला गोदाम शोधत असतो. त्या काळातले डिमरेज आणि डिटेन्शन, म्हणजे कंटेनर मुदतीपलीकडे ठेवल्याचा दंड, कोण भरणार हे आधीच लिहून घ्या, आणि लाइनकडून मोकळे दिवस वाढवून मागा. उलट इकडे रिकामे रिफर एकदम परत येऊ लागतात आणि न्हावा शेवाला कंटेनरची टंचाई संपते. वार्षिक दराचा करार करायचा असेल तर त्या आठवड्यांपर्यंत थांबा. आत्ताच्या दरावर वर्षभरासाठी सही मागणारे फोन त्याच्या थोडे आधी येऊ लागतात.